टाइमशीटवर आठच तास

गैरसमज : आमच्याकडे कुणाला थांबवून घेत नाहीत, पोरं आपणहून थांबतात.

वस्तुस्थिती : थांबा म्हणून सांगायची वेळच येत नाही, कारण थांबणं कामाच्या अंदाजातच धरलेलं असतं. पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीत चौघांची टीम आहे, असं समजा. ठरावीक रकमेच्या कंत्राटात एका कामाला 160 तास धरलेत, म्हणजे चौघांनी रोज आठ तास असे पाच दिवस. प्रत्यक्षात चौघंही रोज साडेदहा तास बसतात आणि काम 210 तासांत उरकतं. पण बजेट 160 चंच, म्हणून टाइमशीटवर प्रत्येक जण आठच तास भरतो. वरचे 50 तास कागदावर कुठेच दिसत नाहीत. पुढच्या वेळी तसंच काम आलं की मॅनेजर जुनी नोंद काढतो आणि पुन्हा 160 तासच धरतो. क्लायंटने घासाघीस केली तर 150. यात कुणी कुणावर ओरडलेलं नसतं. पाचव्या माणसाचं आठवडाभराचं काम मात्र चौघांनी फुकटात वाटून घेतलेलं असतं.

म्हणून मला ‘आपणहून’ हे उत्तर अर्धवट वाटतं. रिलीजच्या आठवड्यात हौसेने बसणारे असतात, नवीन पोरांना शिकायचंही असतं. पण रिलीज झाल्यावरही घरी जायची वेळ तीच राहिली, तर ती हौस उरत नाही.

गैरसमज : ओव्हरटाइमचा कायदा कारखान्यातल्या कामगारांसाठी, आपल्याला कसला?

वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तांत्रिक आणि कारकुनी काम करणाऱ्यालाही ‘कामगार’ मानतो. आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांना यातून सूट आहे, आणि गोची इथेच होते. कार्डावर ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ छापलं की माणूस आपसूक कायद्याबाहेर गेला, असं धरून चालतात. कामगार कायद्याच्या वादात मात्र हुद्द्यापेक्षा माणूस रोज काय काम करतो, हे पाहिलं जातं.

गैरसमज : जास्त तास, जास्त काम.

वस्तुस्थिती : पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी तपासल्या. आठवड्याला सुमारे 50 तासांनंतर प्रत्येक वाढीव तासाचं उत्पादन घसरत जात होतं. कोड लिहिणाऱ्याला हाच आकडा लागू होईल, असं नाही. पण रात्री घुसवलेला बग सकाळी शोधत बसणं टीममध्ये कुणाला नवीन नसतं.

तुमच्या टीममध्ये काय चाललंय, हे पाहायचं तर एक आठवडा टाइमशीटवर खरे तास भरा. सिस्टीमने नऊच्या वरचा आकडा घेतलाच नाही, किंवा ‘जरा अ‍ॅडजस्ट कर ना’ असा फोन आला, तर ते तास कुणाच्या सोयीचे आहेत हे कळेल.