चढावरचा डावा पाय

सकाळी सहाला भाची दारात उभी. हातात प्लॅस्टिकची फाइल, चेहरा बारावीच्या गणिताच्या पेपरला निघाल्यासारखा. साडेदहाला आरटीओच्या ट्रॅकवर तिची कारची टेस्ट होती.

"मावशी, चहा नको, पोटात गोळा आलाय. तू फक्त शेजारी बस."

शेजारी बसणं भागच होतं. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवायची तर बाजूला पक्कं लायसन्स असलेलं माणूस लागतं. फाइल तिने चार वेळा तपासली होती, तरी गाडीच्या पीयूसीची मुदत परवाच संपल्याचं मला दिसलं. पेट्रोल पंपावर दहा मिनिटांचं काम, पण तिला तेवढ्यानेही घाम फुटला.

तिची खरी भीती एकच होती, चढ. ट्रॅकवर चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरू देता पुन्हा पुढे न्यायची. क्लासच्या गाडीत तिला ते जमत होतं. आठ दिवसांपूर्वी घरची जुनी गाडी हातात घेतली, आणि चढ आला की इंजिन बंद.

याचं कारण मला क्लासच्याच गाडीत सापडलं. तिथे सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तिचा पाय चुकला की सर गुपचूप सावरून घेत. चढ नक्की कोणाच्या पायाने पार होतोय, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. तिथून वर येणारा उतार पहाटे रिकामा असतो. मी तिला तिथे नेलं आणि आधी सीट पुढे घ्यायला लावली. सीट लांब असली की क्लच बोटांच्या टोकाने धरावा लागतो, टाच उचललेली राहते आणि अख्ख्या पायाचा भार मांडीवर येतो. माणूस घाबरलेलं असताना अंगाला आधीच कंप असतो, त्यात असा अधांतरी पाय थरथरणारच. आणि पाय थरथरला की क्लच थरथरतो.

क्लच म्हणजे इंजिनासोबत फिरणारी जड चकती आणि गिअरबॉक्सकडे जाणारी प्लेट यांची गाठ. पेडल दाबलं की गाठ सुटते, सोडलं की घट्ट बसते. मधे एक जागा अशी असते की दोन्ही एकमेकांना घासत फिरतात. तोच हाफ क्लच. चाकांना जोर मिळतो आणि इंजिनही फिरत राहतं. पाय झटकन उचलला तर थांबलेल्या गाडीचं सगळं वजन एकदम इंजिनावर पडतं, ते गुदमरतं. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी. जुन्या गाडीचा क्लच बहुधा वर पकडतो. क्लासच्या गाडीत तिला ती खाली सापडायची, इथे तिथे काहीच लागत नव्हतं, म्हणून घाबरून ती पाय सोडून द्यायची.

"डोळ्यांनी शोधू नकोस, कानांनी शोध," मी म्हटलं. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर जरासा. आता क्लच हळूहळू वर. एका क्षणी इंजिनाचा आवाज जाड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं दिसतं. पाय तिथेच गोठवायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. आधी सोडला तर गाडी मागे जाणार.

पहिल्या वेळी बंद. दुसऱ्या वेळी बंद. तिसऱ्या वेळी वॉचमन काका बाजूला झाले. सहाव्या वेळी गाडी अशी अलगद वर आली की तिला स्वतःलाच पटेना. मग आणखी दहा वेळा केलं. क्लचचा करपलेला वास आल्यावर मी थांबवलं, हाफ क्लचचा अतिरेक प्लेट जाळतो.

ट्रॅकवर मी कुंपणाबाहेर होते. चढावर गाडी थांबली. एक, दोन, तीन… बॉनेट उचललं, गाडी पुढे गेली. मी तिथेच टाळी वाजवली, शेजारचे काका दचकले.

आणि मग ज्याची भीतीच नव्हती, त्या एचमध्ये ती फसली. रिव्हर्स घेताना मान मागे वळवायची सोडून एकाच आरशात बघत राहिली, मागचा खांब आडवा झाला. नापास. पुन्हा टेस्ट द्यायची तर किमान सात दिवस थांबायचं आणि टेस्टचे तीनशे रुपये पुन्हा भरायचे. चढाच्या नादात तिला आठ दिवसांत रिव्हर्स एकदाही करायला लावला नाही, हा दोष माझा.

परतताना ती रडेल असं वाटलं होतं. सोसायटीत शिरलो तर उतारावर पुढे दुधाचा टेम्पो आडवा. तिने हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला टाकला आणि डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "आता चहा चालेल."