तीनशे बुचांची मागणी

पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची साल उतरवली की खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात. सोललेल्या वर्षाचा तो शेवटचा अंक असतो. पुढची साल नऊ वर्षांनी निघणार, हे त्यावरून जाता-येता कळते. झाडाची पहिली साल साधारण पंचविसाव्या वर्षी निघते, पण वाइनच्या बुचांसाठी तिसऱ्या खेपेची साल लागते. म्हणजे चांगल्या बुचामागचे झाड चाळिशी उलटलेले असते! अलेंतेजूच्या रानातली ही साल पोर्तू शहराच्या दक्षिणेला, सांता मारिया द फैराच्या कारखान्यांत पोहोचते आणि तिथून बुचे जगभर जातात. नाशिककडच्या वायनऱ्यांनाही नैसर्गिक बूच हवे तर परदेशाकडेच पाहावे लागते.

आता दिंडोरीजवळची एखादी लहान वायनरी कल्पून पाहू. तिला वर्षाला साठ हजार बुचे लागतात. मालक उत्साहाने ईमेल पाठवतो: 'कृपया मोफत नमुने आणि सर्वांत कमी दर कळवा.' आठवड्याभरात देखणी पेटी येते. आत दहा बुचे, एकावरही छिद्र नाही. मालक खूश होतो, आणि फसायला सुरुवात इथेच होते.

बुचाचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, म्हणजे टीसीए, या रसायनाने वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट वास येतो. बुचातला हा दोषी १९८२मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी शोधून काढला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाइन बिघडते, आणि शंभर कोटी लिटरांत एक ग्रॅम मिसळला तर लिटरमागे एक नॅनोग्रॅम होतो. बुचांची प्रतवारी मुख्यतः दिसण्यावर ठरते. देखणे बूच महाग पडते, पण ते टीसीएमुक्त असेलच असे नाही.

म्हणून नमुने किती मागायचे, हा प्रश्न सर्वांत मोलाचा. समजा लॉटमधले शंभरात एक बूच बिघडलेले आहे. त्यातली दहा बुचे तपासली, तर दहाही चांगली निघण्याची शक्यता नव्वद टक्के. शंभर तपासली तरी सुमारे सदतीस टक्के वेळा काहीच सापडत नाही. तीनशेवर गेल्यावर ही शक्यता पाच टक्क्यांवर येते. हा हिशेब पत्राआधी करायचा. मग पत्रातला आकडा भीक मागितल्यासारखा वाटत नाही. पत्र इंग्रजीत जाते, मजकूर साधारण असा:

'आम्ही लाल वाइन तीन वर्षे बाटलीत ठेवतो. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास १८.५ मिलिमीटर आहे. २४ बाय ४४ मिलिमीटरची नैसर्गिक बुचे हवीत. चालू लॉटमधून, न निवडता, चारशे बुचे पाठवावीत: तीनशे वासाच्या चाचणीसाठी, शंभर आमच्या यंत्रावर लावून पाहण्यासाठी. लॉट क्रमांक आणि टीसीएचा अहवाल सोबत असावा. नमुन्यांची किंमत आणि कुरिअर आम्ही देऊ. पहिल्या ऑर्डरमध्ये किंमत वळती करावी. वीस हजारांच्या पहिल्या आणि साठ हजारांच्या वार्षिक ऑर्डरचे दर वेगवेगळे कळवावेत.'

पैसे देऊ केल्याने कारखाना दर्शनी पेटी सोडून खऱ्या पोत्याकडे वळण्याची शक्यता वाढते. कुरिअरचा हिशेब मात्र आधी बघावा. चारशे बुचांचे वजन जेमतेम दीड किलो, पण कुरिअरवाले खोक्याचे घन सेंटिमीटर पाच हजारांनी भागतात. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचे खोके तीन किलोंचे ठरते. बीजकावर 'विक्रीसाठी नाही' असले तरी कस्टमसाठी खरी किंमत लिहावीच लागते. शून्य लिहिले की पार्सल अडकायची भीती.

नमुने आले की प्रत्येक बूच वेगळ्या बरणीत, साध्या पांढऱ्या वाइनमध्ये चोवीस तास बुडवायचे आणि मग हुंगायचे. टीसीए नाकाची जाणीवच बोथट करते, म्हणून दहा-पंधरा बरण्यांनंतर थांबून दुसऱ्याचे नाक लावावे. संशयित बुचांच्या बरण्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात.

एवढे करूनही पास झाला तो एक लॉट. पुढच्या पोत्याची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून प्रत्येक लॉटचे नमुने जहाजावर माल चढण्याआधी यावेत आणि मंजुरीनंतरच माल निघावा, ही अट या लेखकाला दरापेक्षा महत्त्वाची वाटते. पैसेही त्याच अटीला जोडता येतात: तीस टक्के आगाऊ, उरलेले पैसे लॉट मंजूर झाल्यावर कागदपत्रांवर. साठ हजार बुचांना दोनेक घनमीटर जागा पुरते, म्हणजे माल इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून येणार. अशा वेळी एफओबीऐवजी एफसीए अट सोयीची, कारण कारखान्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला तिथेच जबाबदारी बदलते.

वाद झालाच तर कशावरून निवाडा करायचा, हेही लिहून घ्यावे. मंजूर लॉटमधली पन्नास बुचे दोन्हीकडे सीलबंद ठेवायची, आणि माल न्हावा-शेव्याला उतरल्यावर किती दिवसांत तक्रार करता येईल ते ऑर्डरवरच नोंदवायचे.