साइट इंजिनीअरची पीएमपी : 2017 ते 2024

2017 मध्ये आमच्या भागात पीएमपी हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. लाखांदूर-साकोली पट्ट्यात सिव्हिल इंजिनीअर म्हणजे एकतर बांधकाम किंवा पाटबंधारे विभागातले साहेब, नाहीतर ठेकेदाराकडचा साइट इंजिनीअर. मी दुसऱ्या गटातला. पुण्यात आयटीत असलेल्या मित्राच्या कंपनीने त्याची परीक्षा फी भरली, तेव्हा हे प्रमाणपत्र पहिल्यांदा जवळून पाहिलं. ते देणारी संस्था, पीएमआय, अमेरिकेत 1969 साली सुरू झाली आणि पीएमपी 1984 पासून आहे. मित्राला नावापुढे ‘मॅनेजर’ लावायचं होतं आणि खर्च कंपनीचा होता, त्यामुळे त्याला फार विचार करावा लागला नाही. माझ्याकडे पद नव्हतं आणि पैसे खिशातले जाणार होते. पीएमपी करावी की नाही हा प्रश्न सुटायला चार वर्षं लागली ती त्यामुळेच.

आधी वाटत होतं की पद नाही म्हणजे आपण पात्रच नाही. नियम नीट वाचल्यावर चित्र वेगळं दिसलं. पीएमआय पदनाम विचारतच नाही. तेव्हा चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या 8 वर्षांत 36 महिने प्रकल्प ‘चालवल्याचा’ अनुभव लागायचा, डिप्लोमा असेल तर 60 महिने, आणि दोघांनाही 35 तासांचं प्रशिक्षण. एकाच महिन्यात दोन कामं चालू असली तरी महिना एकच धरतात. अर्जात प्रत्येक कामाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहायचं. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात आणि मग त्या वेळच्या वरिष्ठाला तुमचा अनुभव खरा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे वर्णनात हवेतलं काही चालत नाही.

माझ्या अर्जातलं मुख्य काम नाल्यावरच्या एका लहान पुलाचं होतं. आमच्याकडे पुलाचं काम पाऊस उघडल्यावर सुरू होतं आणि पुढचा पाऊस लागायच्या आत पाया नि खांब पुराच्या पातळीवर न्यावेच लागतात. त्यात उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की बांध्यांतून झिरपलेलं पाणी नाल्यात उतरतं आणि भर उन्हाळ्यात पायाचा खड्डा भरतो. मे महिन्यात त्याच धानाची कापणी निघते, मजूर तिकडे जातात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला माणसं नाहीत, आणि पावसाळा तोंडावर.

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं : खोदाईवर देखरेख केली, मोजमापं घेतली, एमबी लिहिली, काँक्रीटचे क्यूब तपासणीला पाठवले. सगळं खरं होतं, पण पीएमपीच्या दृष्टीने ते फक्त काम करणं होतं. त्यात काम चालवणं कुठे दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा लिहिताना मी कुठे निर्णय घेतला तेवढंच शोधलं. मधल्या खांबाच्या खड्ड्यात पाणी थांबेना, तेव्हा दोन्ही टोकांच्या भिंती आधी घ्यायच्या असं मी ठरवलं आणि मधला खांब पाणी बंद होण्याच्या आठवड्यावर ढकलला. सेंटरिंगवाल्या उपकंत्राटदाराशी बोलून त्याचं पथक कापणीच्या आधी आणलं, त्यासाठी वाढीव दर का द्यावा ते ठेकेदाराला आकड्यांनी पटवलं. वळणरस्ता वाहून गेला तर गावाचा रस्ता तुटेल, म्हणून त्यात जास्तीचे ह्यूम पाइप टाकायची मागणी विभागाकडे लेखी नेली. हे सगळं करताना माझ्या पगारपत्रकावर ‘साइट इंजिनीअर’ एवढंच होतं. अर्ज त्यावर मंजूर झाला.

ज्याला पद नाही त्याने पैसे भरायच्या आधी हा मसुदा लिहून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. अशी ‘ठरवलं’, ‘पटवलं’, ‘बदललं’ची वाक्यं 36 महिन्यांना पुरत नसतील, तर खर्चाचा प्रश्नच येत नाही.

मग पैशांकडे वळलो. 2021 मध्ये सभासद नसणाऱ्याला परीक्षेची फी 555 डॉलर होती. सभासदाला 405, पण सभासदत्वाचे 129 आणि पहिल्या वेळचे 10 धरले की 544. फरक 11 डॉलरचा, शिवाय सभासदाला पीएमबीओके हे मूळ पुस्तक फुकट उतरवून घेता यायचं. म्हणून परीक्षेपुरतं सभासद होणं परवडलं. त्या वेळच्या दराने 40 हजार रुपयांच्या आसपास, प्रशिक्षण वेगळं. 35 तासांसाठी स्वस्त ऑनलाइन वर्गही चालतो. महागड्या वर्गाने पात्रता जास्त मिळत नाही.

पण ही रक्कम परत येणार कुठून? याच शोधात सगळ्यात जास्त वेळ गेला. ज्या नोकऱ्यांना मी खरोखर अर्ज केला असता, त्यांच्याच जाहिराती वर्षभर जमवल्या आणि तीन गठ्ठे केले. ठेकेदारांच्या जाहिरातींत पदवी, साइटवरची वर्षं आणि बिलिंग येतं का, एवढंच होतं. सरकारी निविदांच्या ज्या अटी हाताखालून गेल्या, त्यांतही पदवी आणि अनुभव मागितलेला, पीएमपी नाही. विभागातल्या एका उपअभियंत्यांना विचारलं, तर त्यांची बढती सेवाज्येष्ठता आणि खात्याची परीक्षा यांवरच ठरणार होती. तिसरा गठ्ठा मात्र वेगळा होता. नागपूर-मुंबईतल्या प्रकल्प सल्लागार कंपन्या आणि आखाती देशांतली कामं, यांत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ ही ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मला साइटवरून सल्लागाराकडे जायचं होतं, म्हणून माझं उत्तर हो आलं. ठेकेदाराकडेच राहायचं असतं तर त्याच आकड्यांनी उत्तर नाही आलं असतं.

परीक्षेचा साचा जानेवारी 2021 मध्येच बदलला होता. 180 प्रश्न, 230 मिनिटं, आणि साधारण निम्मे प्रश्न अजाइल किंवा मिश्र पद्धतीवर. पुलाच्या कामात दोन आठवड्यांचे तुकडे करून ग्राहकाला दाखवत जाणं बसत नाही. पाया अर्धा दाखवून मत मागता येत नाही. तो निम्मा अभ्यास मला साइटसाठी काही देऊन गेला नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. दुसरा निम्मा उपयोगी पडला, विशेषतः धोक्यांची नोंदवही आधीच लिहून ठेवण्याची सवय.

पण या नोंदवहीच्याही मर्यादा आहेत. लाखांदूरकरांना गोसेखुर्द धरणाचं सांगायला नको. 1988 ला पायाभरणी, मूळ अंदाज 372 कोटींचा, आणि पुढे तो 18 हजार कोटींच्या वर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमीन, निधी यांनी जे अडतं ते कुणा एका इंजिनीअरच्या प्रमाणपत्राने सुटत नाही. आमच्या लहान पुलावरही विजेचे खांब हलवायची परवानगी हाच सगळ्यात लांब थांबा होता.

पास झाल्यावर सल्लागार कंपनीच्या चाळणीतून माझा अर्ज पुढे गेला, तो प्रमाणपत्रामुळे, असं तिथल्या साहेबांनीच सांगितलं. पगार मात्र साइटवरच्या वर्षांवर ठरला. मुलाखतीत पुलाबद्दल विचारलं, पीएमपीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

2024 च्या अखेरीस नूतनीकरण आलं. तीन वर्षांत 60 पीडीयू जमवायचे, त्यांतले किमान 35 शिकण्याचे. प्रत्यक्ष काम करतो म्हणून जास्तीत जास्त 8 मिळतात. मोफत व्याख्यानांतून बाकीचे भरले. इथे सभासदत्वाचं गणित उलटं झालं. सभासदाची नूतनीकरण फी 60 डॉलर होती, इतरांची 150. पण ते 90 डॉलर वाचवायला तीन वर्षं दरसाल सभासदत्व भरायचं, हे जमेना. ते आधीच सोडलं होतं, 150 भरले. न भरल्यास एक वर्ष प्रमाणपत्र निलंबित राहतं आणि मग परीक्षा पहिल्यापासून.

गेल्या उन्हाळ्यात लाखांदूरचा एक डिप्लोमाधारक मुलगा विचारायला आला. त्याची तीन वर्षं साइटवर झाली आहेत, म्हणजे सगळे महिने धरले तरी 60 भरत नाहीत. त्याला कुणीतरी पीएमआयचंच सीएपीएम प्रमाणपत्र सुचवलं होतं, ज्याला अनुभव लागत नाही, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. माझ्या तिसऱ्या गठ्ठ्यात सीएपीएम मागणारी एकही जाहिरात नव्हती, ते मी त्याला दाखवलं. सध्या तो प्रत्येक कामाचे सुरू आणि संपल्याचे महिने, आणि कोणता निर्णय स्वतः घेतला ते वहीत लिहितो आहे. वरिष्ठांची सहीही ते साइटवर आहेत तोवरच घेऊन ठेवतो.