बाटली, खोका की कॅन? वाइनच्या ताजेपणाचा हिशेब

प्रतिनिधी

वाइन म्हटली की डोळ्यांसमोर येते ती काचेची बाटली आणि तिच्या तोंडाशी घट्ट बसवलेले बूच. त्यामुळे पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा शीतपेयासारख्या कॅनमध्ये वाइन मिळते असे सांगितले, की ती हलकी आणि स्वस्तातली असणार असा समज सहज होतो. हा समज अगदीच निराधार नाही, कारण अनेक वर्षे उत्पादकांनी आपला सामान्य प्रतीचा मालच खोक्यात भरला. मात्र वाइनची मूळ प्रत आणि ती ज्या भांड्यात भरली आहे ते भांडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्यामुळे ठरते ते एवढेच, की वाइनपर्यंत हवा किती आणि किती वेगाने पोहोचणार. ताजेपणा आणि पैशाचा मोबदला हे दोन्ही प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतात.

हवा आत गेली की

वाइनचा मुख्य शत्रू म्हणजे हवेतील प्राणवायू. त्याच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. बाटली बंद असते तोवर हे संरक्षण पुरते. ती उघडल्यावर काय होते, ते एका साध्या हिशेबाने समजते.

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे दोन ग्लास ओतले, की रिकाम्या झालेल्या जागेत ३०० मिलिलिटर हवा शिरते. तेवढ्या हवेत सुमारे ८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. उरलेल्या ४५० मिलिलिटर वाइनमध्ये मोकळा सल्फर डायऑक्साइड लिटरला ३० मिलिग्रॅम आहे असे धरले, तर तो एकूण साडेतेरा मिलिग्रॅम भरतो. एक मिलिग्रॅम प्राणवायूला तोंड द्यायला सुमारे चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो. म्हणजे वाइनजवळची सगळी शिबंदी जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम प्राणवायूला पुरणारी, आणि बाटलीत कोंडलेला प्राणवायू त्याच्या वीसपटीहून अधिक. बूच पुन्हा लावल्याने ही हवा बाहेर जात नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने प्रक्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणूनच उघडलेली बाटली साधारणपणे दोन ते पाच दिवसांत उतरू लागते.

रेनमार्कची पिशवी

या अडचणीवरचा उपाय दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क गावच्या थॉमस अँगोव्ह या वाइन उत्पादकाने काढला. १९६५ साली त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातील प्लास्टिकच्या पिशवीचे पेटंट घेतले. तिच्यात एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर वाइन मावे. पिशवीचा कोपरा कापायचा, हवी तेवढी वाइन ओतून घ्यायची आणि कापलेल्या जागी चिमटा लावायचा, अशी ती जुजबी व्यवस्था होती. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, ऑस्ट्रेलियातच पिशवीला कायमची जोडलेली हवाबंद तोटी आली आणि आज दिसणारा खोका तयार झाला.

या रचनेतील खुबी साधी आहे. तोटी उघडली की वाइन बाहेर येते आणि रिकामी होणारी पिशवी तेवढीच आक्रसते. बाहेर गेलेल्या वाइनची जागा घ्यायला हवा आत येतच नाही. त्यामुळे पहिला ग्लास घेतल्यानंतरही उरलेली वाइन चार ते सहा आठवडे चांगली राहते. स्वीडनमध्ये सरकारी मक्तेदारी असलेल्या सिस्टेमबोलागेट दुकानांतून विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक वाइन खोक्यातली असते, त्यामागे वाहतुकीच्या वजनाइतकेच हेही कारण आहे. तीन लिटरच्या खोक्यात चार बाटल्यांची वाइन मावते. चार रिकाम्या बाटल्यांचे वजन दोन किलोच्या आसपास जाते, तर पुठ्ठा आणि पिशवी मिळून काही शे ग्रॅमच भरतात.

खोक्याची मर्यादा

उघडल्यानंतर बाटलीवर मात करणारा हा खोका बंद असताना मात्र बाटलीपुढे हरतो. काचेतून प्राणवायू आत जात नाही, प्लास्टिकमधून जातो. पिशवीला अॅल्युमिनियमचा मुलामा किंवा प्राणवायूला अडवणारा विशेष थर दिलेला असतो, तरीही अगदी थोडी हवा सतत झिरपत राहते. तोटी हे त्यातले सर्वांत कच्चे ठिकाण. शिवाय वाहतुकीत पिशवी वारंवार दुमडली गेली, तर मुलाम्याला बारीक भेगा पडतात. म्हणून खोक्यातील वाइन भरल्यापासून साधारण सहा ते नऊ महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवायची असते. पिशवी जितकी लहान, तितका वाइनच्या मानाने तिचा पृष्ठभाग अधिक. त्यामुळे दीड लिटरचा खोका तीन लिटरच्या खोक्यापेक्षा लवकर उतरतो.

उष्णता ही मर्यादा आणखी आखडते. तापमान वाढले की प्लास्टिकमधून प्राणवायू अधिक वेगाने झिरपतो आणि आत शिरल्यावर त्याचे कामही अधिक वेगाने होते. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या खोक्याचे आयुष्य छापील तारखेपेक्षा बरेच कमी असते. वाइन भरल्याची किंवा ती कधीपर्यंत उत्तम राहील याची तारीख खोक्यावर असेल, तर किमतीच्या आधी ती वाचावी. तारीख नसेल आणि पुठ्ठा धुळकटलेला, फिकटलेला असेल, तर तो खोका दुकानातच राहू द्यावा. तोटीभोवती ओल किंवा खोक्याच्या तळाला डाग दिसला, तर पिशवी गळकी आहे असे समजावे.

कॅनमधला वेगळा प्रश्न

कॅनचे गणित निराळे. धातूतून प्रकाश जात नाही, झाकणाची दुहेरी घडी प्राणवायू येऊ देत नाही आणि भरताना द्रव नायट्रोजनचा थेंब टाकून आतली हवा हुसकावली जाते. हवेपासून संरक्षणाच्या बाबतीत कॅन बाटलीपेक्षा उणा नाही. लख्ख पारदर्शक बाटलीतील पांढरी किंवा गुलाबी वाइन दुकानातल्या दिव्यांच्या उजेडाने बिघडू शकते, ती भीतीही इथे नाही.

कॅनमध्ये धोका संभवतो तो वाइन आणि धातू यांच्या संबंधातून. अॅल्युमिनियमला आतून प्लास्टिकसारखा पातळ लेप दिलेला असतो. वाइनचे रक्षण करणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा एक छोटा भाग रेणूरूपात असतो. तो या लेपातून पार होऊन धातूपर्यंत पोहोचला, तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडलेल्या अंड्याचा वास तो हाच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की या दोषाचा संबंध एकूण सल्फर डायऑक्साइडशी नसून या रेणूरूप भागाशी आहे. हा भाग लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत ठेवावा, असे त्यांचे सांगणे आहे.

हा भाग किती असेल, ते वाइनच्या आंबटपणावर ठरते. मोकळा सल्फर डायऑक्साइड लिटरला ३० मिलिग्रॅमच असला, तरी ३.२ पीएच असलेल्या आंबट पांढऱ्या वाइनमध्ये त्यातील रेणूरूप भाग सुमारे १.२ मिलिग्रॅम होतो, ३.६ पीएच असलेल्या लाल वाइनमध्ये तो अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा खाली राहतो. म्हणून बाटलीसाठी तयार केलेली पांढरी वाइन जशीच्या तशी कॅनमध्ये भरणे जोखमीचे ठरते. कॅनसाठी तिची बांधणी वेगळी करावी लागते.

ग्राहकाने करायचे ते सोपे आहे. कॅन ताजा, म्हणजे वर्षाच्या आतला घ्यावा, फुगलेला असेल तर घेऊ नये आणि वाइन कॅनमधूनच न पिता ग्लासमध्ये ओतावी. वास सौम्य असेल, तर ग्लास फिरवल्यावर काही मिनिटांत विरतो. विरला नाही, तर कॅन सदोष आहे.

महाराष्ट्रातही कॅन परका राहिलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात द्राक्षबागा असलेल्या फ्रातेल्ली कंपनीने २०२० साली 'टिल्ट' या नावाने २५० मिलिलिटरच्या कॅनमधील वाइन बाजारात आणली.

मोबदला कशात?

आता पैशाचा हिशेब. पुढील किमती केवळ उदाहरणासाठी धरल्या आहेत. सारख्याच प्रतीची वाइन बाटलीत ८०० रुपयांना, तीन लिटरच्या खोक्यात २,६०० रुपयांना आणि २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये २८० रुपयांना मिळते असे समजू. १५० मिलिलिटरचा ग्लास बाटलीतून १६०, खोक्यातून १३० आणि कॅनमधून १६८ रुपयांना पडतो. कागदावर खोका सर्वांत स्वस्त आणि कॅन सर्वांत महाग.

घरात एकच माणूस पिणारा आहे आणि तो शनिवारी दोन व रविवारी एक ग्लास घेतो, असे मानले तर चित्र पालटते. बाटलीतील उरलेले दोन ग्लास पुढच्या शनिवारपर्यंत उतरलेले असतात आणि ते मोरीत जातात. प्यालेल्या तीन ग्लासांपैकी प्रत्येक २६७ रुपयांना पडतो. दोन कॅन घेतले तर ५६० रुपयांत आठवड्याची गरज भागते आणि वाया जवळजवळ काही जात नाही. खोक्यातील वीस ग्लास संपायला याच माणसाला जवळपास सात आठवडे लागतील. सहा आठवड्यांत १८ ग्लास होतात. शेवटचे दोन टाकून दिले, तरी प्रत्येक ग्लास १४४ रुपयांनाच पडतो.

त्याच घरात दर शनिवारी चार पाहुणे जेवायला येत असतील, तर बाटली एका बैठकीत संपते. मग खोक्याचा फायदा ग्लासमागे तीस रुपयांवर येतो आणि तो मिळवण्यासाठी एकाच चवीची तीन लिटर वाइन घ्यावी लागते. अशा घराने बाटलीच घ्यावी.

वर्षानुवर्षे साठवून मुरवायची वाइन मात्र काचेतच हवी. बुचातून वर्षाकाठी शिरणाऱ्या अत्यल्प हवेवर ती हळूहळू पक्व होते. खोक्याला किंवा कॅनला हे साधणारे नाही. पण बाजारातील बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. तिच्यासाठी जड काच हे केवळ वेष्टन आहे.

वाइन उतरली आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पांढरी वाइन सोनेरी-तपकिरी झाली, लाल वाइनला विटकरी छटा आली, फळाच्या ताज्या वासाऐवजी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला आणि चव बोथट झाली, की हवेने आपले काम केले असे समजावे. खोका उघडल्यावर पुठ्ठ्यावर त्या दिवसाची तारीख लिहून तो फ्रिजमध्ये ठेवावा. लाल वाइनही तिथेच ठेवावी आणि पिण्याआधी अर्धा तास ग्लासमध्ये काढून घ्यावी.