वाढावा आणि बट्टा : वायद्याच्या भावातील दोन आकडे

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगांना लागणारी रसायने तयार करणारा एखादा लहान कारखानदार आपण कल्पू. त्याने परदेशी गिऱ्हाइकाला माल पाठविला आहे आणि त्याचे ५०,००० डॉलर तीन महिन्यांनी यावयाचे आहेत. माल तयार करण्यास लागलेला सारा खर्च मात्र रुपयांत झाला आहे, आणि तो आहे ४० लाख. हिशेब उघड आहे. तीन महिन्यांनी डॉलर ८० रुपयांवर आला, तर वर्षाच्या एका मोठ्या कामाचा नफा शून्य होईल. म्हणून तो बँकेला विचारतो, "तीन महिन्यांनी येणारे डॉलर आज ठरवून कोणत्या भावाने घ्याल?" बँकेकडून उत्तर येते ते असे : हजर भाव ८३.४०/८३.४१, तीन महिने ३६/३८.

आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. बँक आपले कमिशन कापते, तेही तूर्त बाजूला ठेवू. पण उत्तराची तऱ्हा खरीच अशी असते. त्यात वायद्याचा भाव कोठेच सांगितलेला नाही. सांगितला आहे तो फक्त हजर भावाशी असलेला फरक, पैशांत. तो मिळवावयाचा की वजा करावयाचा, हेही सांगितलेले नाही. ते आपण ओळखावयाचे असते.

प्रथम हजर भाव वाचू. डावा आकडा हा बँक डॉलर विकत घेते तो, आणि उजवा ती विकते तो. मधला एक पैसा बँकेचा. आता फरकाचे दोन आकडे पाहा. डावा लहान आणि उजवा मोठा असेल, तर दोन्ही मिळवावेत. डावा मोठा आणि उजवा लहान असेल, तर दोन्ही वजा करावेत. येथे ३६ नंतर ३८ आहे, म्हणून मिळवणी. वायद्याचा भाव झाला ८३.७६/८३.७९. आपला कारखानदार डॉलर विकणारा, म्हणजे बँक घेणारी. त्याला डावा भाव, ८३.७६ मिळेल. वागळे इस्टेटीत परदेशातून यंत्र मागविणाऱ्याला डॉलर विकत घ्यावे लागतात. तो उजवा भाव, ८३.७९ देईल.

हा नियम पाठ करण्याची गरज नाही, कारण त्याच्या मागे साधा व्यवहार आहे. मुदत जितकी लांब, तितकी बँकेची जोखीम अधिक, म्हणून घेण्याच्या व देण्याच्या भावांतील अंतर वायद्यात वाढतेच. आपल्या उदाहरणात ते एका पैशाचे तीन पैसे झाले. चुकून वजाबाकी केली असती, तर भाव आला असता ८३.०४/८३.०३. म्हणजे बँक डॉलर महाग घेणार आणि स्वस्त विकणार! असा उलटा भाव निघाला, की आपले चिन्ह चुकले असे खुशाल समजावे.

वायद्यात डॉलर हजर भावाहून महाग असला, तर तो प्रीमियमवर आहे असे म्हणतात. स्वस्त असला तर डिस्काउंटवर. मराठीत वाढावा आणि बट्टा म्हणू. हे नेहमी कोणत्या तरी एका चलनाविषयी बोलले जाते, हे विसरू नये. डॉलरला रुपयात वाढावा, तर तोच रुपयाला डॉलरमध्ये बट्टा. आणि डॉलरला सर्वत्र वाढावाच असतो, असेही नाही. जपानी येनच्या बाबतीत समजा हजर भाव १५०.००/१५०.०२ आणि तीन महिने १६०/१५८ असा आहे. येथे फरक येनच्या शंभराव्या भागात मोजतात. डावा आकडा मोठा, म्हणून वजाबाकी : १४८.४०/१४८.४४. येनमध्ये डॉलरला बट्टा आहे.

आता मुख्य प्रश्न. हा वाढावा येतो कोठून? पुष्कळांची समजूत अशी, की तीन महिन्यांनी डॉलर ३६ पैशांनी वाढेल असे बँकेचे भाकीत आहे. ही समजूत चूक आहे. बँक काय करू शकते ते पाहू. ती आज १०० डॉलर पाच टक्के व्याजाने उसने घेते आणि लगेच विकून ८,३४० रुपये करते. ते रुपये पावणेसात टक्क्यांनी तीन महिने गुंतविते. त्यांचे होतात ८,४८०.७४. तिकडे डॉलरचे देणे होते १०१.२५. हे १०१.२५ डॉलर ती कारखानदाराकडून घेणार. ८,४८०.७४ ला १०१.२५ ने भागा. उत्तर येते ८३.७६. बँकेने भविष्यात डोकावलेच नाही. रुपयाचे व्याज अधिक आणि डॉलरचे कमी, त्या अंतराचे ते ३६ पैसे आहेत. जपानमध्ये व्याज डॉलरहून कमी असते, तेव्हा याच हिशेबाने बट्टा निघतो. आपल्याकडे भांडवलाच्या ये-जा करण्यावर बंधने असल्याने, आणि महिनाअखेरीस किंवा मार्चअखेरीस डॉलरची चणचण वा रेलचेल झाल्याने, प्रत्यक्ष वाढावा या हिशेबापासून थोडा सरकतो. पण पाया हाच.

याची साक्ष २०२२ सालाने दिली. त्या वर्षाच्या आरंभी डॉलर सुमारे साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता आणि ऑक्टोबरात तो ८३ च्या पलीकडे गेला. वाढावा जर भाकीत असता, तर रुपया असा घसरत असताना तो फुगावयास हवा होता. झाले उलटे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर शून्याजवळून डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर त्याच काळात ४ वरून सव्वासहावर आला. दोन व्याजांतील अंतर आटले, आणि वर्षभराच्या वायद्याचा वाढावा साडेचार-पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. थोडक्या वाढाव्याचा अर्थ 'डॉलर आता वाढणार नाही' असा ज्याने घेतला, तो फसला.

वाढावा टक्क्यांत काढणे सोपे आहे. ३६ पैशांना ८३.४० ने भागून चारने गुणावे, कारण वर्षात तीन महिने चारदा येतात. उत्तर साधारण पावणेदोन टक्के. दोन बँकांचे किंवा दोन मुदतींचे भाव याच मापाने ताडून पाहावेत.

एका ठिकाणी माणूस हमखास घोटाळतो. गिऱ्हाइकाचे पैसे नेमके कोणत्या दिवशी येतील याची खात्री नसल्याने कारखानदार म्हणतो, "तिसऱ्या महिन्यात कोणत्याही दिवशी डॉलर देईन." बँक ही सवलत देते, परंतु तो पहिल्याच दिवशी येईल असे धरून वाढावा दोन महिन्यांचाच देते. तो २४ पैसे असेल, तर १२ पैसे गेले. ५०,००० डॉलरवर ६,००० रुपये. डॉलर घेणाऱ्याने अशीच सवलत मागितली, तर त्याच्याकडून मात्र पुऱ्या तीन महिन्यांचा वाढावा घेतला जातो. म्हणून जितका दिवस नक्की, तितका भाव चांगला.

आपल्या कारखानदाराने नेमका दिवस सांगून ८३.७६ ने करार केला, तर त्याचे ४१,८८,००० रुपये ठरले आणि १,८८,००० चा नफा बांधला गेला. पुढे डॉलर ८६ झाला, तरी त्याला ८३.७६ नेच डॉलर द्यावे लागतील. आणि गिऱ्हाइकाने पैसेच पाठविले नाहीत, तरी करार उभा राहतो. तो त्या दिवसाच्या भावाने मोडावा लागतो, आणि ८६ च्या दिवशी मोडला तर दर डॉलरमागे २ रुपये २४ पैसे, म्हणजे १,१२,००० रुपये, त्याच्याच खिशातून जातात. तेव्हा सही करण्यापूर्वी त्याने ३६/३८ हे आकडे तपासावेत, आणि तितक्याच बारकाईने आपले गिऱ्हाईकही तपासावे.