पाचशेचा हप्ता आणि दोनशेचा तोटा

2024च्या दसऱ्याला माझ्या मुलीच्या डब्यात बारा हजार रुपये साठले होते. आजी-आजोबांनी दिलेले खाऊचे पैसे, मामाकडून आलेले, एका वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस. ती तेव्हा नववीत होती. शाळेत कुणाच्या तरी मोठ्या भावाने शेअर घेऊन पैसे दुप्पट केल्याची गोष्ट ती ऐकून आली होती आणि तिलाही "शेअर घ्यायचे" होते. मी नाही म्हटलं नाही. सहा हजार बँकेत ठेवायचे आणि उरलेले सहा हजार बारा हप्त्यांत, महिना पाचशे रुपयांनी, एका निफ्टी इंडेक्स फंडात घालायचे, असं आमचं ठरलं.

रक्कम मी मुद्दाम अशी निवडली. बुडाली तर घराला झळ लागू नये, पण तिला मात्र चुटपुट लागावी. शंभर रुपयांचा तोटा तिने विसरून टाकला असता आणि पन्नास हजार घातले असते तर झोप माझी उडाली असती. या खात्यातून किती पैसे मिळतात याला माझ्या लेखी फार महत्त्व नव्हतं. तोटा कसा दिसतो, तो अंगावर कसा येतो आणि प्रत्येक तोटा सारखा नसतो, हे तिने माझ्या सावलीत असताना पाहावं, एवढ्यासाठीच ते होतं.

आधी कागदपत्रांचं सांगते. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून पालकाला पुढे उभं राहावं लागतं. म्युच्युअल फंडाचं खातं, म्हणजे फोलिओ, मुलाच्या एकट्याच्या नावाने निघतो. त्यात दुसरा धारक घालता येत नाही. आई किंवा वडील 'पालक' म्हणून सही करतात, केवायसी त्यांचं होतं आणि नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला जोडावा लागतो. हप्ता मुलाच्या खात्यातून जाऊ शकतो, आई-वडिलांच्या खात्यातूनही जाऊ शकतो. युनिट विकल्यावर पैसे मात्र मुलाच्याच बँक खात्यात येतात. 2023 पासून सेबीने हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे मुलाचं बचत खातं आधी उघडून ठेवा. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा की हे पैसे मुलाचे आहेत. आपण फक्त राखणदार. कर मात्र आपल्याकडे येतो, कारण विकून झालेला नफा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरला जातो.

फोलिओ उघडताना मी तिला फंडाच्या माहितीपत्रकावरचं रिस्कोमीटर दाखवलं. अर्धवर्तुळाकार पट्टी असते, सहा भागांची, आणि त्यावर काटा. आमच्या इंडेक्स फंडाचा काटा शेवटच्या भागात होता : अतिउच्च जोखीम. ती दचकली. मग मी तिला लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या एका फंडाचं पत्रक दाखवलं. तिथेही काटा त्याच जागी. म्हणजे हा काटा इतकंच सांगतो की पैसा शेअर बाजारात आहे. कोणत्या कारणाने किती पडेल आणि पडल्यावर उठेल का, ते तो सांगत नाही. ते आपल्यालाच शिकावं लागतं.

योगायोग असा, की आम्ही सुरुवात केली तीच पडत्या बाजारात. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस निफ्टी 26,200 च्या वर बंद झाला होता. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने तो घसरला. अशी सलग पाच महिन्यांची घसरण 1996 नंतर पहिल्यांदाच झाली. आमचे पाच हप्ते याच काळात गेले. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी निफ्टी 22,100 च्या आसपास आला, तेव्हा भरलेल्या 2,500 रुपयांचे सुमारे 2,300 झाले होते. पहिल्या हप्त्याच्या पाचशेचे तर 440 उरले होते.

ती पूर्वी दिवसातून चार वेळा ॲप उघडायची, आता उघडायचीच नाही. एका रात्री जेवताना म्हणाली, "आई, बंद करू या ना. उरलेले तरी वाचतील."

मी तिला वही आणायला सांगितली. या वहीत प्रत्येक हप्त्याला ती चार गोष्टी लिहायची : तारीख, रक्कम, मिळालेले युनिट आणि त्या दिवशीचा युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही. म्हटलं, तुझे युनिट किती कमी झाले ते सांग. तिने बेरीज केली. एकही कमी झाला नव्हता. उलट फेब्रुवारीच्या पाचशेला ऑक्टोबरपेक्षा जास्त युनिट आले होते. मग आम्ही सोपे आकडे घेऊन एक गणित मांडलं. समजा, भाव पाच महिन्यांत 100, 80, 62.50, 80 आणि पुन्हा 100 असा गेला. दर वेळी पाचशे घातले तर युनिट मिळतील 5, 6.25, 8, 6.25 आणि 5. एकूण 30.5. भाव जिथून निघाला तिथेच परतला, एक पैसा वाढला नाही, तरी 2,500 चे 3,050 झाले. पडलेल्या भावात घेतलेल्या युनिटांनी ती कमाई करून दिली.

तिला हे इतकं आवडलं की ती लगेच पुढच्या निष्कर्षावर गेली : म्हणजे जे पडेल ते घेत राहायचं! खरा धडा मला इथे द्यायचा होता. या गणितात एक अट लपलेली आहे आणि बरीच मोठी माणसंही ती विसरतात. भाव परत आला तरच हे गणित चालतं.

मी तिला येस बँकेचा शेअर सांगितला. ऑगस्ट 2018 मध्ये तो चारशे रुपयांच्या आसपास होता, निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांत ही बँक होती. मग बुडीत कर्जं बाहेर येऊ लागली आणि भाव पायरी पायरीने उतरत गेला. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध आणले. दुसऱ्या दिवशी शेअर सोळा रुपयांवर बंद झाला. आता समजा, कुणी 400, 200, 100 आणि 50 अशा चार भावांना पाचशे-पाचशेचे घेत गेला. त्याच्याकडे पावणेएकोणीस शेअर जमले, खर्च 2,000. भाव वीस धरला तर त्यांची किंमत 375 रुपये. निर्बंधांनंतर पाच वर्षं उलटली तरी भाव वीसच्या आत-बाहेरच होता. या माणसाने दर पडझडीला जास्त शेअर घेतले, अगदी आमच्या गणिताप्रमाणे, आणि त्यामुळेच तो जास्त बुडाला.

ती बराच वेळ दोन्ही गणितं शेजारी-शेजारी बघत बसली. मग विचारलं, "पण येस बँक निफ्टीत होती ना? मग निफ्टी का नाही बुडाला?"

याहून चांगला प्रश्न मला नको होता. निफ्टीची यादी वर्षातून दोनदा तपासली जाते आणि मागे पडलेली कंपनी काढून तिथे दुसरी घेतली जाते. येस बँक मार्च 2020 मध्ये बाहेर गेली, तिच्या जागी श्री सिमेंट आली. इंडेक्स फंड ही अदलाबदल आपोआप करतो. एक कंपनी मरू शकते, पन्नास मोठ्या कंपन्या एकदम मरत नाहीत. त्याच मार्चमध्ये करोनाच्या धास्तीने सगळा निफ्टीही कोसळला होता, जानेवारीतल्या 12,362 वरून 7,610 वर, म्हणजे 38 टक्के खाली. तो नोव्हेंबरमध्ये पुन्हा मूळ पातळीला आला. एकाच महिन्यातल्या या दोन पडझडी, पण त्यांची जात वेगळी. एक बाजाराची, दुसरी कंपनीची. पहिल्या पडझडीत थांबण्याला अर्थ असतो. दुसरीत थांबण्याआधी कंपनीचं काय बिघडलं ते पाहावं लागतं.

अर्थात, बाजार परत येतोच असंही मी तिला शिकवलं नाही, कारण ते खरं नाही. जपानचा निक्केई डिसेंबर 1989 मध्ये 38,915 वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. म्हणूनच तिचे निम्मे पैसे बँकेत आहेत. दोन वर्षांत लागणारी फी किंवा लॅपटॉपचे पैसे या फोलिओत जाणार नाहीत, हा नियम आम्ही त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

त्याच पानावर टक्क्यांचं एक गणितही आहे. 38 टक्के पडलेली गोष्ट मूळ जागी यायला 38 टक्के वाढून भागत नाही, 61 टक्क्यांहून जास्त वाढावी लागते. अर्धी झाली तर दुप्पट व्हावी लागते. 400 वरून 16 वर आलेली गोष्ट पंचवीसपट. नववीच्या मुलीला हे गणित येतं. फक्त ते कुणी तिच्या पुढ्यात मांडलेलं नसतं.

मित्राच्या त्या भावाचाही विषय निघाला. तो 'ऑप्शन' करतो, असं नंतर कळलं. सेबीने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांनी पैसे घालवले. मुलांपर्यंत पोहोचतात ते उरलेल्या सातांतले, तेही त्यांच्या चांगल्या दिवसाचा स्क्रीनशॉट घेऊन. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मी हा आकडा आधी सांगेन, बाकीचं सगळं नंतर. अठरा पूर्ण झाल्यावर हे दार त्यांना काही मिनिटांत उघडता येतं आणि तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही.

आम्ही हप्ते बंद केले नाहीत. जूनच्या अखेरीस नऊ हप्त्यांचे 4,500 भरून झाले होते आणि फोलिओत 4,800 च्या आसपास दिसत होते. तिला त्या तीनशे रुपयांचा आनंद झाला. पण वहीत तिने त्यापुढे लिहिलं होतं, "फेब्रुवारीत विकले असते तर दोनशे गेले असते." हे वाक्य माझ्यासाठी त्या तीनशेपेक्षा मोठं आहे.

ज्यांना असं खातं उघडायचं आहे त्यांनी एक तारीख आत्ताच लिहून ठेवावी : मुलाचा अठरावा वाढदिवस. त्या दिवसापासून पालकाची सही चालत नाही. फोलिओ गोठतो, हप्ते थांबतात. मुलाचं पॅन, त्याचं स्वतःचं केवायसी, बँकेने साक्षांकित केलेली त्याची सही आणि सज्ञान म्हणून बदललेलं बँक खातं, एवढं जमवून अर्ज दिला की फोलिओ पुन्हा चालू होतो. महिनाभर आधी तयारीला लागा. त्यानंतर ते पैसे ठेवायचे की काढायचे, हे मूल ठरवतं.