पोर्टचा दिवा पेटत नाही तेव्हा

संगणकाच्या ज्या खाचेत लॅन केबल बसते, त्या इथरनेट पोर्टवर बहुधा एक-दोन बारीक दिवे असतात. त्यांतला लिंकचा दिवा इंटरनेट चालू आहे की नाही हे सांगत नाही. केबलच्या दोन्ही टोकांच्या उपकरणांना एकमेकांचे विद्युत संकेत मिळत आहेत, एवढेच त्याचे म्हणणे असते. त्यामुळे राउटरकडे बाहेरून इंटरनेट येत नसले तरी हा दिवा पेटलेला राहतो. तो विझलेला असेल तर पासवर्ड, आयपी पत्ता किंवा ब्राउझर यांत वेळ घालवण्यात अर्थ नसतो. दोष केबल, राउटरचा पोर्ट किंवा संगणकाचे नेटवर्क कार्ड या तिघांपैकी कशात तरी असतो.

काही लॅपटॉपच्या पोर्टवर दिवेच नसतात. तेथे लिंकची स्थिती संगणकालाच विचारावी लागते. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून पुढील आज्ञा द्यावी.

```
Get-NetAdapter
```

इथरनेटच्या ओळीत `Disconnected` दिसले तर कार्ड जागे आहे, पण केबलवरून संकेत येत नाही. `Disabled` दिसले तर कार्ड विंडोजमध्येच बंद केलेले आहे आणि ते तेथूनच सुरू करता येते. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नसणे, बायोसमध्ये कार्ड बंद असणे किंवा कार्ड निकामी होणे, यांपैकी एक कारण संभवते.

तपासणीचा नियम एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल आणि पोर्ट एकदम बदलले आणि दिवा लागला, तर दोष कशात होता ते कळत नाही. आधी राउटर चालू असल्याची खात्री करावी आणि केबलची दोन्ही टोके काढून खट् आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावीत. क्लिप तुटलेली असेल तर टोक हळूहळू मागे सरकते आणि संपर्क सुटतो. पोर्टमध्ये टॉर्चचा प्रकाश टाकून आठही सोनेरी तारा समांतर आहेत का, एखादी वाकून शेजारच्या तारेला टेकली आहे का, हेही पाहावे.

त्यानंतर चालू असल्याची खात्री असलेली आखूड केबल घेऊन संगणक थेट राउटरला त्याच पोर्टमध्ये जोडावा. दिवा लागला तर जुनी केबल दोषी. लागला नाही तर हीच केबल राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये घालावी. तरीही अंधार असेल तर तीच केबल त्याच पोर्टमधून दुसऱ्या लॅपटॉपला जोडावी. तेथे दिवा लागला, तर संशय पहिल्या संगणकाच्या कार्डावर येतो.

एका घराचे उदाहरण घेऊ. राउटर दिवाणखान्यात, संगणक आतल्या खोलीत आणि भिंतीतून गेलेली वीस मीटर केबल. दोन्ही टोकांचे दिवे विझलेले आहेत. संगणक राउटरजवळ आणून आखूड केबल लावताच दिवा लागतो, म्हणजे पोर्ट आणि कार्ड दोन्ही ठीक. आता भिंतीतल्या केबलची दोन्ही टोके काढून केबल टेस्टरला लावली. टेस्टरवर एक ते आठ क्रमांकाचे दिवे ओळीने लागतात. येथे तिसरा लागला नाही. नेहमीच्या रंगक्रमात तिसरी तार पांढरी-हिरवी असते. पारदर्शक कनेक्टरमधून निरखल्यावर एका टोकाला ही तार शेवटपर्यंत पोचलेली नाही, असे दिसते. ते टोक कापून, आठही तारा नीट पुढे सारून नवा कनेक्टर क्रिंप केला की दिवा लागतो. भिंत फोडावी लागत नाही.

तिसऱ्या तारेनेच सगळे का बंद पडले? शंभर मेगाबिटच्या जोडणीला एक-दोन आणि तीन-सहा या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तर अनेकदा दिवा लागतो, पण वेग शंभरावर अडकतो. तीन क्रमांकाची तार तुटली की लिंकच जुळत नाही. साध्या टेस्टरलाही मर्यादा आहे. तार सलग आहे का एवढेच तो सांगतो. तारांच्या जोड्या चुकीच्या जुळल्या असतील तर सगळे दिवे लागूनही केबल नीट चालत नाही.

संशय कार्डावर आला तर संगणक बंद करून वीजपुरवठा पूर्ण काढावा, काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावा आणि उत्पादकाकडचा ड्रायव्हर नव्याने बसवावा. वळवाच्या विजांनंतर, विशेषतः गच्चीवरून केबल आलेली असेल तर, कार्ड किंवा राउटरचा पोर्ट जळलेला असू शकतो. अशा वेळी यूएसबी-इथरनेट अ‍ॅडॉप्टर लावून पाहावा. त्याच केबलवर त्याचा दिवा लागला, तर संगणकातला मूळ पोर्ट किंवा कार्ड गेले असे समजावे. मदरबोर्ड न बदलता अ‍ॅडॉप्टरवरच काम चालू ठेवता येते.